अ‍ॅसिड, हायपो आणि सहा मिनिटं: एका बो-टाय आकृतीचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतलं हे कापड प्रक्रिया युनिट आहे. ब्लीचिंग, डाइंग आणि धुलाई तिथे होते. या कामातून निघणारं सांडपाणी अल्कधर्मी आणि रंगीत असतं, म्हणून ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर, दोन रसायनं रोज लागतात. पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि रंग उडवायला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कामगारांच्या भाषेत 'हायपो'. दोन्हींच्या पाच-पाच हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या ईटीपीच्या पत्र्याखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या, त्यांच्याभोवती एकच डाईक, म्हणजे गळती अडवणारी भिंत, होता आणि दोन्ही टाक्यांची भरायची तोंडं भिंतीवर एका ओळीत, हातभर अंतरावर. पाइप दोन्हीकडे दोन इंची, रंग दोन्हीकडे राखाडी. वर पाट्या होत्या, पण अ‍ॅसिडच्या वाफेने त्यातली एक जवळपास पुसली गेली होती.

कागदावर युनिटची सुरक्षा वाईट नव्हती. रसायनांच्या यादीत अ‍ॅसिड होतं, हायपो होता, दोन्हींची माहितीपत्रकं भिंतीवर लावलेली होती. यादीत क्लोरीन नव्हता, कारण क्लोरीन कोणी विकत घेत नव्हतं. साठ्याची यादी बघून धोके ठरवायची पद्धत जिथे असते, तिथे हा वायू नेमका असाच निसटतो. तो आवारात येत नाही, तिथे तयार होतो.

## काय घडलं

पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की हायवे बंद पडू शकतो. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ तो बंद पडला होता. रस्ता अडला की टँकर अडकतात आणि सुटल्यावर सगळे एकदमच येतात. या प्रकरणात तसंच झालं. अ‍ॅसिडचा आणि हायपोचा टँकर एकाच संध्याकाळी फाटकावर लागले. हायपोचा आधी रिकामा करायचा असं ठरलं, म्हणून ईटीपी ऑपरेटरने हायपोच्या तोंडाचं झाकण काढून ठेवलं आणि तो पंपाचं प्रायमिंग बघायला गेला. मधल्या वेळात फाटकावरून पहिला आत आला तो अ‍ॅसिडचा टँकर. ड्रायव्हरला उघडं तोंड दिसलं, क्लीनरने होज जोडला आणि पंप चालू करायला हाक मारली.

पंप मिनिटभरही चालला नसेल. हायपोच्या टाकीच्या व्हेंटमधून हिरवट-पिवळा धूर आणि घशाला झोंबणारा वास आला. ऑपरेटरने श्वास रोखून स्टार्टरचं लाल बटण दाबलं. त्याला आणि क्लीनरला खोकला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोघांना रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाच्या सल्ल्याने टाकी हलवली नाही, त्यात पाणी ओतलं नाही. पातळ कॉस्टिक सोडा हळूहळू घालून द्रावण पुन्हा अल्कधर्मी केलं आणि मग ते वापरून संपवलं.

मला बोलावलं ते यानंतर. मालकांचं म्हणणं साधं होतं: "परत होऊ नये, आणि का होणार नाही ते एका कागदावर दाखवा."

## आधी हिशेब

त्यासाठी मी बो-टाय आकृती निवडली, म्हणजे कारणं, परिणाम आणि उपाय एकाच कागदावर दाखवणारी आकृती. ती काढायला बसण्याआधी धोका किती मोठा आहे ते मोजणं गरजेचं होतं, कारण युनिटमध्ये दोन मतं होती. एक गट म्हणत होता की थोडा धूर झाला, विषय संपला. दुसरा गट भोपाळचं नाव घेत होता.

रसायन असं आहे:

NaOCl + 2HCl → NaCl + H2O + Cl2

हायपोच्या कॅनवर 'उपलब्ध क्लोरीन' म्हणून जो आकडा असतो तो इथे थेट कामाला येतो. हायपो पूर्ण आम्लधर्मी केला तर जास्तीत जास्त किती क्लोरीन निघेल, तेच तो सांगतो. त्या दिवशी टाकीत सुमारे दोन हजार लिटर हायपो होता, लिटरला साधारण शंभर ग्रॅम उपलब्ध क्लोरीन धरला तर दोनशे किलो. त्यातला थोडा द्रवात विरघळून राहील, बहुतेक बाहेर पडेल. आणि तेवढा सगळा बाहेर काढायला 30 टक्क्यांचं अ‍ॅसिड किती लागेल? जेमतेम सहाशे लिटर. टँकरमध्ये त्याच्या कित्येक पट होतं. पंप मिनिटाला शंभर लिटर ढकलत होता.

म्हणजे सहा मिनिटं.

मग त्या दिवशी एवढ्यावर कसं भागलं? हायपो टिकावा म्हणून त्यात थोडा कॉस्टिक शिल्लक ठेवलेला असतो. पहिलं अ‍ॅसिड तो खातो. त्यानंतरचं अ‍ॅसिडही आधी हायपोक्लोरस आम्ल बनवण्यात खर्ची पडतं, आणि भरपूर क्लोरीन वायू सुटतो तो पीएच बराच खाली घसरल्यावर. साठ-सत्तर लिटर अ‍ॅसिड दोन हजार लिटरमध्ये मिसळल्याने पूर्ण टाकीचा पीएच तिथवर पोचलाच नाही. धूर झाला तो फक्त पाइपच्या तोंडाशी, जिथे अ‍ॅसिड न मिसळता पडत होतं तिथे. उलट झालं असतं, म्हणजे अ‍ॅसिडच्या भरलेल्या टाकीत हायपो गेला असता, तर ही सवलत मिळाली नसती. तिथे पहिल्या लिटरपासूनच क्लोरीन.

दहा पीपीएम क्लोरीन हवेत असला तर तिथे थांबणं जीवाला तात्काळ धोक्याचं मानतात. दोनशे किलो क्लोरीन म्हणजे सुमारे सत्तर घनमीटर शुद्ध वायू. हवेपेक्षा अडीच पट जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. हे आकडे फळ्यावर मांडल्यावर 'थोडा धूर' म्हणणारा गट गप्प झाला.

## गाठ कुठे मारायची

बो-टाय आकृतीची रचना सोपी आहे. मधोमध एक गाठ, म्हणजे ताबा सुटल्याचा क्षण. डावीकडून त्या गाठीकडे कारणं येतात आणि प्रत्येक कारणाच्या वाटेवर रोखणारे उपाय असतात. गाठीतून उजवीकडे परिणाम निघतात आणि त्या वाटांवर सावरणारे उपाय असतात. पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवरच्या 1988 च्या दुर्घटनेनंतर शेल कंपनीने ही पद्धत उचलली आणि मग ती सगळीकडे पसरली.

आमचा पहिला तास गाठीवरच गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. सेफ्टी ऑफिसरने गाठीत लिहिलं होतं 'कामगाराला विषबाधा'. तो तर परिणाम झाला. तिथे गाठ मारली तर पंप बंद करणं, अलार्म, लोकांना हलवणं हे सगळं डावीकडे जातं आणि उजवीकडे अँब्युलन्सशिवाय काही उरत नाही. मेंटेनन्स इनचार्जने सुचवलं 'क्लोरीन गळती'. हे जास्त बरोबर वाटत होतं, तरी एक अडचण होती. क्लोरीन बाहेर दिसू लागला तोवर अ‍ॅसिड टाकीत गेलेलं असतं. मधली वेळ, जिथे सावरण्याची खरी संधी आहे, ती आकृतीत दिसत नव्हती.

शेवटी गाठीत लिहिलं: 'अ‍ॅसिड आणि हायपो एकत्र येणे'. 'अ‍ॅसिड हायपोच्या टाकीत जाणे' असं मुद्दामच लिहिलं नाही, कारण दोघं टाकीबाहेर, म्हणजे डाईकमध्ये, गटारात किंवा डोसिंगच्या, म्हणजे सांडपाण्यात रसायन सोडायच्या, बादलीतही भेटू शकतात. हा एक शब्दबदल पुढे डाईकच्या बाबतीत कामाला आला.

## डावी बाजू

पहिल्या मसुद्यात सर्वांत वरचं कारण होतं 'मानवी चूक'. हे बहुतेक सगळ्याच आकृत्यांत असतं आणि मी ते दरवेळी खोडतो. 'चूक' म्हटलं की उपाय म्हणून 'प्रशिक्षण' येतं आणि विचार तिथेच थांबतो. कारण असं लिहायला हवं की ते घडताना डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. चर्चेनंतर चार कारणं उरली: टँकरचा होज चुकीच्या तोंडाला जोडणं, टँकरमध्येच चलनापेक्षा वेगळं रसायन असणं, डोसिंगच्या वेळी हाताने चुकीचा कॅन ओतणं, आणि दोन्ही टाक्यांची गळती एकाच डाईकमध्ये साठणं.

पूर हे वेगळं कारण म्हणून टाकावं असा आग्रह एकाने धरला. युनिट उंचावर आहे, पाणी टाक्यांपर्यंत येत नाही. पण पुराने एक गोष्ट होते: दोन टँकर एकाच दिवशी येतात. हे स्वतंत्र कारण नाही, तो पहिल्या कारणावरचे उपाय पोकळ करतो. म्हणून तो त्या उपायांखाली लटकवला, आणि आकृतीतली ही सर्वांत कोल्हापुरी नोंद ठरली.

पहिल्या कारणावर मसुद्यात उपायांची रांगच होती. पाट्या, रंग, एसओपी म्हणजे लिखित कार्यपद्धत, प्रशिक्षण, चलन तपासणी, ऑपरेटरची उपस्थिती, स्टोअर इनचार्जची सही. कागद भरगच्च दिसत होता. प्रत्येक चौकोनाला मी तीन प्रश्न विचारले: हे कोण करतो, त्या वेळी तो कुठे उभा असतो, आणि चूक असेल तर त्याला ती कशी दिसते?

ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. स्टोअर इनचार्ज म्हणाला, "मामा, टँकर खाली होताना तुम्ही तिथं असता की."

"असतो की. खरं पंप बघायचा, फाटकावर सही करायची, वर डोसिंग बघायचं, सगळं मीच. मग तिथं कधी असतो?"

त्या एका वाक्याने तीन चौकोन गेले. चलन तपासणी, उपस्थिती आणि एसओपी हे कागदावर तीन उपाय होते, पण तिन्ही एकाच माणसाच्या खांद्यावर. तो माणूस पाच मिनिटं पलीकडे गेला की तिन्ही एकदम कोसळतात. आकृतीत शेजारी शेजारी उभे असलेले चौकोन स्वतंत्र असतातच असं नाही, आणि उपाय मोजताना होणारी सर्वांत महाग गल्लत हीच. पाट्या आणि रंग आम्ही ठेवले, पण उपाय म्हणून नाही. पाटी होज अडवत नाही. ती फक्त बघणाऱ्याला मदत करते, तेही त्याने बघितलं तर.

खोडाखोडीनंतर पहिल्या कारणाच्या वाटेवर खरा उपाय असा एकही उरला नाही. भिंतीवर लावलेला तो मोठा कागद, आणि गाठीपर्यंतचा रस्ता मोकळा. मालक बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

दुसऱ्या कारणावर, म्हणजे टँकरमध्ये भलतंच रसायन असण्यावर, केमिस्टने सुचवलं की हायड्रोमीटरने घनता बघू. सूचना वरवर चोख होती. पण 30 टक्के अ‍ॅसिडची घनता 1.15 च्या आसपास असते आणि ताज्या हायपोची 1.16 ते 1.2. हायड्रोमीटर या दोघांत भेद करू शकत नाही. साधा पीएच पेपर करतो. अ‍ॅसिडमध्ये तो लाल होतो आणि लालच राहतो. हायपोमध्ये आधी निळा होतो आणि मग डोळ्यांदेखत पांढरा पडतो, कारण हायपो कागदाचा रंगच उडवतो. ही खूण इतकी ठळक आहे की वाचता न येणाऱ्यालाही कळते.

## उजवी बाजू

इथे सहा मिनिटांचा आकडा घड्याळासारखा समोर ठेवला. मसुद्यात सावरणारा पहिला उपाय होता 'पंप तातडीने बंद करणे'. तेच तीन प्रश्न. कोण? मामा. कुठे? स्टार्टर भरायच्या तोंडापासून चार फुटांवर, व्हेंटच्या बरोबर खाली. म्हणजे जो वायू सुटल्यावर पंप बंद करायचा, त्याच वायूत शिरून बटण दाबायचं. त्या दिवशी मामांनी ते केलं, पण वायू थोडा होता म्हणून. तिसऱ्या मिनिटाला कोणी तिथे पोचलं नसतं.

ही भीती कल्पनेतली नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अ‍ॅचिसन गावात जवळपास हेच घडलं. एकसारखी दिसणारी दोन तोंडं जवळजवळ, सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा टँकर हायपोच्या लाइनला जोडला गेला, क्लोरीनचा ढग गावावर गेला आणि 140 हून जास्त लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. ढग सुटल्यावर माणसं मागे हटली आणि अ‍ॅसिड जातच राहिलं, कारण ते थांबवायची जागा ढगातच होती. ही घटना मी बैठकीत सांगितल्यावर इलेक्ट्रिशियनने स्टार्टर हलवायचा अंदाज तिथल्या तिथे काढायला सुरुवात केली.

दुसरा उपाय होता 'असेंब्ली पॉइंटला जमणे'. तो फाटकाजवळ, ईटीपीच्या पूर्वेला. कोल्हापुरात पावसाळाभर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे ज्या ऋतूत टँकरची गर्दी होते, त्याच ऋतूत आपण सगळ्यांना ढगाच्या वाटेवर उभे करत होतो. शिवाय वाटेत सांडपाणी साठवून एकसारखं करणाऱ्या इक्वलायझेशन टँकचा खड्डा, आणि जड वायू खोलात साठतो. ड्रिल दर सहा महिन्यांनी होत होती आणि दरवेळी सगळे वेळेत जमले म्हणून शेरा चांगलाच यायचा.

परिणाम तीन धरले: तोंडाशी असलेल्या माणसाने वायू श्वासात घेणं, ढग शेजारच्या शेडवर आणि रस्त्यावर जाणं, आणि डाईकमधलं मिश्रण नाल्यात जाणं. तिसऱ्यावर एक जुनी खोड सापडली. डाईकमध्ये पावसाचं पाणी साचतं म्हणून त्याचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह जूनपासून उघडाच ठेवलेला असायचा. गळती अडवायला बांधलेली भिंत, आणि तिच्या तळाशी नाल्याकडे जाणारं उघडं तोंड. तो नाला पुढे पंचगंगेलाच मिळतो.

पहिल्या परिणामाबद्दल एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून आकृतीत घातली. क्लोरीन श्वासात गेलेला माणूस तासाभरात बरा वाटू लागला तरी फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागू शकतात. 'बरं वाटतंय' म्हणून घरी पाठवणं हा सावरणारा उपाय पोकळ करणारा प्रकार आहे. या प्रकरणात दोघांना रात्रभर ठेवलं होतं, ते योग्यच झालं.

## पर्याय

तीन वाटा समोर होत्या. पहिली, आहे त्या जागी कुलपं, वेगळी कपलिंग, नमुना तपासणी आणि स्टार्टर हलवणं. स्वस्त आणि पंधरा दिवसांत होणारी. दुसरी, अ‍ॅसिडची टाकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, बॉयलरमागे नेणं. तिला नवा पाया, नवी डोसिंग लाइन आणि वेगळा टँकर रस्ता लागणार होता. तिसरी, दोनपैकी एक रसायनच काढून टाकणं. अल्कधर्मी सांडपाणी बॉयलरच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने बरंच खाली आणता येतं, काही प्रक्रिया युनिट तसं करतातही. मग अ‍ॅसिड अगदी थोडं लागतं, कॅनमध्ये आणण्याइतकं. केमिस्टने हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फ्युरिक वापरू असंही विचारलं. त्याने काही साधत नाही. हायपोतून क्लोरीन सुटायला कुठलंही तीव्र आम्ल पुरतं.

माझं मत तिसऱ्याकडे होतं. जी गोष्ट आवारात नाही ती चुकून मिसळत नाही. पण त्यांच्या बॉयलरच्या धुरात काजळी बरीच होती. आधी ती धुवायची सोय, मग ब्लोअर, मग पीएच किती खाली येतो याची चाचणी, असं ते काम काही महिन्यांचं होतं. मालक म्हणाले, "तोवर टँकर येतच राहणार." बरोबर होतं. म्हणून पहिली वाट लगेच, तिसरीची चाचणी नंतर, आणि दुसरी सोडून दिली. दुसरी सोडण्याबद्दल मी आजही साशंक आहे.

## केलेली कामं

सर्वांत आधी दोन्ही तोंडांना कुलूप लागेल अशी झाकणं बसवली. किल्ल्या मामांकडे नाहीत, लॅबमध्ये केमिस्टकडे. केमिस्ट टँकरमधून नमुना घेतो, पीएच पेपर बुडवतो, तो कागद चलनाला टाचतो आणि त्या रसायनाचीच किल्ली देतो. इथे दोन वेगळी माणसं आली, हा मुद्दा महत्त्वाचा. रसायन तपासणारा आणि तोंड उघडणारा एक नाही.

मग हायपोच्या तोंडाला दीड इंची कपलिंग बसवलं, अ‍ॅसिडला दोन इंची ठेवलं. यावर मेंटेनन्स इनचार्जने लगेच शंका काढली आणि ती रास्त होती: टँकरच्या पेटीत ड्रायव्हर हरतऱ्हेचे अ‍ॅडॉप्टर बाळगतात, नाहीतर होजवर क्लिप आवळून काम भागवतात. म्हणजे कपलिंगचा फरक चूक अडवतो, जुगाड नाही. आकृतीत कपलिंगच्या चौकोनाखाली 'ड्रायव्हरचा अ‍ॅडॉप्टर' असं लिहिलं आणि नियम केला की होज युनिटचाच वापरायचा. दोन होज, दोन वेगळ्या कपाटांत, त्याच किल्ल्यांवर.

स्टार्टर उचलून ईटीपीच्या पश्चिमेच्या भिंतीबाहेर, पंचवीस मीटरवर नेला. तिथून तोंड दिसतं. तिथेच पळून जाण्यापुरते क्लोरीनचे फिल्टर मास्क खोक्यात ठेवले. क्लोरीन डिटेक्टर व्हेंटजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर लावला आणि एक पीपीएमला तो अलार्म देऊन पंपही बंद करेल अशी जोडणी केली. डिटेक्टर, रिले आणि पंप मिळून हा एक पुरा उपाय आहे. नुसता भोंगा हा पुरा उपाय नाही, कारण त्यानंतर कोणीतरी काहीतरी करावं लागतं.

डाईकच्या मधोमध भिंत घातली, निचऱ्याचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करून पाणी हातपंपाने आणि पीएच बघूनच काढायचं ठरलं. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी झोळी लावली. असेंब्ली पॉइंट दोन केले आणि झोळी बघून कुठे जायचं ते ठरतं. शेजारच्या दोन युनिटना फोनची साखळी दिली. फाटकावर सुरक्षारक्षकाला एकच नियम: अ‍ॅसिड किंवा हायपोचा एक टँकर आत असेल तर दुसरा बाहेरच. हा नियम लावायला पैसा लागला नाही आणि घडलेल्या प्रसंगाच्या मुळावर तोच बसतो.

## निकाल

पुढचा पावसाळा पार पडला. टँकर एकत्र आले, एक बाहेर थांबला, ड्रायव्हर वैतागले. होज चुकीचा जोडला गेला नाही. पण यावरून आकृती बरोबर आहे असं म्हणता येत नाही. असे प्रसंग मुळातच क्वचित घडतात. उपाय जिवंत आहेत का, तेवढंच बघता येतं, आणि तिथे दोन गोष्टी आढळल्या.

एक डिटेक्टरची. हायपो डोसिंगच्या वेळी थोडा क्लोरीन सुटतोच, त्यावर अलार्म वाजायचा आणि पंप ट्रिप व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी रिलेला बायपासची तार टाकली. महिनाअखेरच्या तपासणीत ती सापडली. कोणी टाकली याचा शोध मी घेऊ दिला नाही, कारण तार टाकायला भाग पाडणारी मांडणी आमची होती. डिटेक्टरची जागा डोसिंगच्या वासापासून दूर, भरायच्या तोंडाकडे सरकवली आणि बायपास फक्त किल्लीनेच होईल असा स्विच बसवला. तेव्हापासून खोटे अलार्म तुरळक आहेत. सेन्सरचं आयुष्य साधारण दोन वर्षं, म्हणून बदलायची तारीख आकृतीतच त्या चौकोनात लिहिली.

दुसरी गोष्ट पीएच पेपरची. चलनांना टाचलेल्या कागदांत एका महिन्याचे हायपोचे सगळे निळे होते. हायपोचा कागद निळा राहत नाही, पांढरा पडतो. केमिस्टच्या रजेच्या काळात बदली माणसाने साबणाच्या पाण्यात बुडवलेले कागद लावले होते. खोटी नोंद इतक्या सहज पकडता येईल असं आम्ही आधी ठरवलेलं नव्हतं, पण आता तपासणीत मुद्दाम हेच बघतात.

## वेगळं काय करता आलं असतं

टँकर रात्री घ्यायचेच नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी करता आला असता. तो बराच नंतर आला, कारण वाहतूकदार नाराज होईल अशी स्टोअरला भीती होती. प्रत्यक्षात एका पत्राने काम झालं.

टँकर ड्रायव्हरला बैठकीत बसवायला हवं होतं. होज जोडणारा हात त्याचा किंवा क्लीनरचा, आणि अ‍ॅडॉप्टरची पेटी त्याच्याकडे असते ही गोष्ट आम्हाला मेंटेनन्सकडून योगायोगानेच कळली. युनिटबाहेरचा म्हणून त्याला वगळणं हे आकृतीच्या डाव्या बाजूचं भगदाड राहिलं असतं.

हायपोचा साठाही कमी ठेवता आला असता. तो उन्हाळ्यात असाही उतरतो, महिनाभराचा माल भरून ठेवण्यात फायदा नाही. टाकीत दोन हजारऐवजी पाचशे लिटर असते, तर दोनशे किलोचा आकडा पन्नासवर आला असता, डाव्या बाजूला एकही चौकोन न वाढवता. पण मोठ्या टँकरचा दर स्वस्त पडतो, आणि खरेदी विभाग आमच्या बैठकीला एकदाही आला नाही. लहान खेपांचा दर मागवला आहे. धुराने पीएच उतरवायची चाचणी काजळीवर अडकली आहे. ती धुणाऱ्या स्क्रबरचं कोटेशन मालकांच्या टेबलावर आहे, आणि ते मंजूर झालं तर ही आकृती पुन्हा पहिल्यापासून काढावी लागेल, कारण तेव्हा तिची गाठच बदलेल.